हँडओव्हरच्या मेलमध्ये आधी दिलेले शब्द लिहा

«मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं ऑफिस सांभाळते. ऑर्डर, डिस्पॅच, चलन, बिलं, फाउंड्रीचा पाठपुरावा, सगळं माझ्याकडेच. कोल्हापुरात नोकरी लागली, 31 ऑक्टोबर इथला शेवटचा दिवस. माझ्या जागी येणारा मुलगा गोकाककडचा आहे. मराठी चांगलं बोलतो, पण वाचायला त्याला वेळ लागतो. मालक म्हणाले, ‘जाताना सगळं एका मेलमध्ये लिहून दे.’ लिहायला बसले तर नऊ पानं झाली, आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटतंय. काय ठेवू, काय काढू? कुठल्या भाषेत लिहू? पासवर्ड मेलमध्ये टाकायचे का?»
— वाचक, शहापूर, बेळगाव

तुम्हाला काहीतरी राहिलंय असं वाटतंय ते बरोबर आहे, आणि ते दहावं पान लिहून सापडणार नाही. नऊ पानांतली बरीचशी पानं ‘हे काम कसं करायचं’ यात गेली असणार. चलन कसं फाडायचं, टॅलीत बिल कसं घालायचं, डिस्पॅच रजिस्टरात कुठला रकाना कशाचा, हे त्याला शेजारी बसून चार दिवसांत येईल. अडला तर अकाउंट्सवाले सांगतील. पण ‘या लॉटला जादाचं ड्रिलिंग फुकट करून देतो’ असं तुम्ही फोनवर सांगितलंय, हे फक्त तुम्हाला आणि त्या ग्राहकाला ठाऊक आहे. तुम्ही गेलात की ते फक्त ग्राहकाला ठाऊक राहील. मग नवा मुलगा ड्रिलिंगचे पैसे लावून बिल पाठवील, समोरचा चिडेल, आणि आठवडाभर कुणालाच कळणार नाही की चुकलं कोणाचं.

म्हणून मेल उलटी करा. रोजची कामं शेवटी जाऊ देत. सगळ्यात वर कंपनीच्या नावानं तुम्ही दिलेले शब्द येऊ देत: कुणाला दिला, काय दिला, कोणत्या तारखेपर्यंतचा, त्याचा पुरावा कुठे आहे, आणि आता पुढचं पाऊल कोणी उचलायचं. या पाच गोष्टी प्रत्येक शब्दापाठोपाठ आल्या की ती नोंद पुरी झाली. त्यातली पुरावा आणि पुढचं पाऊल ही दोन बहुतेक मेलमध्ये नसतात. ‘फाउंड्रीचं पेमेंट पेंडिंग आहे’ या वाक्यावर नवा माणूस काहीही करू शकत नाही. किती, का अडलंय, कशाची वाट बघतोय, यातलं एकही त्यात नाही.

तुमच्यासारख्या शॉपमधल्या तीन नोंदी मी इथे पुऱ्या लिहून दाखवते. आकडे आणि तारखा उदाहरणाच्या आहेत, तुमच्या तुम्ही घाला. पहिली जॉबवर्कची.

«कोल्हापूरचा पंपाचा ग्राहक. त्यांच्या गेल्या वर्षीच्या 18 नोव्हेंबरच्या चलनावर 60 बॉडी आल्या. 48 मशिनिंग होऊन परत गेल्या. 12 आपल्याकडे आहेत, क्वालिटीच्या रॅकमध्ये खालच्या कप्प्यात, लाल रंग मारून ठेवल्या आहेत. बोअर करताना ब्लो होल उघडे पडले, दोष कास्टिंगचा आहे. त्यांच्या परचेसवाल्यांशी ठरलंय: या 12 परत पाठवायच्या, झालेल्या कामाची निम्मी मजुरी ते देणार. हे ठरल्याचं त्यांचं उत्तर ‘कोल्हापूर’ फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवलंय. पुढचं पाऊल: 10 नोव्हेंबरच्या आत परतीचं चलन करून पाठवणं. चलनावर मूळ चलनाचा नंबर घालायचाच.»

10 नोव्हेंबर ही तारीख कुठून आली हेही एका ओळीत लिहा, नाहीतर ती कुणीही पुढे ढकलील. जॉबवर्कला पाठवलेला माल जीएसटी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या आत पाठवणाऱ्याकडे परत जायला लागतो. तो गेला नाही, तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात, आणि कर व्याजासकट कोल्हापूरवाल्यांच्या गळ्यात पडतो. बिघडलेले पीस आहेत म्हणून मुदत थांबत नाही. कोपऱ्यात पडलेल्या त्या 12 बॉडी आपल्या नजरेत भंगार असतात, त्यांच्या हिशेबात मात्र तो न आलेला माल असतो. 18 तारखेच्या आदल्या दिवशी गाडी मिळाली नाही, तर तुमच्या जागी आलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात एका जुन्या ग्राहकाचं बोलणं खावं लागेल. जिग, फिक्स्चर, डाय आणि टूल यांना मात्र ही वर्षाची अट नाही. ग्राहकाचं फिक्स्चर तुमच्याकडे दोन वर्षं असलं तरी त्यासाठी धावपळ नको. मात्र ते कुणाचं आहे, हे लिहिलेलं हवं.

दुसरी नोंद तोंडी सवलतीची.

«धारवाडचा ग्राहक. 400ची ऑर्डर, 250 गेल्या, 150 राहिल्या. शब्द 12 नोव्हेंबरचा आहे. फ्लँजवरचं जादाचं ड्रिलिंग ड्रॉइंगमध्ये नंतर आलं. या 400पुरतं ते फुकट करून द्यायचं मालकांनी कबूल केलंय, पुढच्या ऑर्डरपासून त्याचा वेगळा दर. हे फोनवर ठरलं. त्यानंतर मी त्यांना मेल पाठवून ते लेखी केलंय, ती मेल ‘धारवाड’ फोल्डरमध्ये आहे. पुढचं पाऊल: नवी ऑर्डर आली की दर पाठवण्याआधी मालकांना विचारणं.»

‘मी मेल पाठवून लेखी केलंय’ हे वाक्य आज तुमच्या बाबतीत खरं नसेल, तर ते 31 तारखेच्या आत खरं करा. तुमच्या हँडओव्हरमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि ते त्या मेलच्या बाहेर होतं. फोनवर ठरलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी समोरच्याला दोन ओळी लिहायच्या: आपलं असं असं ठरलं होतं, काही वेगळं असेल तर कळवावं, पुढच्या महिन्यापासून ऑफिसचं काम अमुक जण बघतील. बहुतेक लोक ‘ओके’ म्हणून उत्तर देतात. तो ओके नव्या मुलाच्या हातातला कागद. आणि कुणी ‘नाही, असं ठरलं नव्हतं’ म्हणालं, तर ते तुम्ही खुर्चीवर असताना कळलेलं कितीतरी बरं.

तिसरी नोंद देण्याची. इथे आकडा आणि अट दोन्ही लागतात.

«मच्छेची फाउंड्री. सप्टेंबरच्या बिलातले 9 पीस रिजेक्ट आहेत, रिजेक्शन रिपोर्ट त्यांना पाठवलाय. ते क्रेडिट नोट देणार आहेत. ती अजून आलेली नाही. 10 नोव्हेंबरला 40,000 रुपये देतो असं सांगितलंय, उरलेले क्रेडिट नोट आल्यावर. पुढचं पाऊल: 5 तारखेला त्यांच्या अकाउंट्सला फोन करून नोट मागणं. 40,000 मात्र नोट आली नाही तरी 10 तारखेला द्यायचे, तो शब्द वेगळा आहे.»

शेवटचं वाक्य नीट बघा. नवा माणूस सावध असतो. रिजेक्शनचा वाद दिसला की तो सगळंच पेमेंट थांबवतो, आणि फाउंड्री पुढचा लॉट मागे ढकलते. कुठलं देणं अटीवर आहे आणि कुठलं बिनशर्त, हे तुम्हीच सांगू शकता. याच फाउंड्रीत धारवाडच्या ग्राहकाचा पॅटर्न पडून असेल, तर त्याचीही एक ओळ हवी. पॅटर्न ग्राहकाचा, ठेवलाय फाउंड्रीनं, मध्ये आपण, आणि कागद कुणाकडेच नाही, अशी परिस्थिती आपल्या उद्यमबागेत घरोघरी आहे. जायच्या आधी फाउंड्रीकडून ‘हा पॅटर्न आमच्याकडे आहे, मालकी अमुक यांची’ अशी मेल मागवून घ्या. तुमच्या शब्दाला ते देतील. नव्या मुलाला तो कागद मिळवायला सहा महिने लागतील.

आता हे शब्द शोधायचे कसे? आठवून लिहायला बसू नका, आठवणीत फक्त मोठे ग्राहक येतात. पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडा आणि मागचे तीन महिने सरळ वाचत या. आलेल्या मेलपेक्षा पाठवलेल्या महत्त्वाच्या, कारण शब्द आपण तिथे देतो. मग व्हॉट्सॲपवर एकेका ग्राहकाचं आणि सप्लायरचं बोलणं बघा. ‘सोमवारी पाठवतो’, ‘बघून सांगते’, ‘ॲडजस्ट करूया’, असल्या वाक्यांच्या मागे एकेक शब्द असतो. त्यानंतर जॉबवर्कचं चलन बुक घ्या आणि आलेल्या प्रत्येक चलनापुढे परत गेलेले नग मांडा. जिथे बेरीज जुळत नाही तिथे एक नोंद. आणि एक दुपार सुपरवायझरला बरोबर घेऊन शॉपमधून फिरा. रॅकखाली, स्टोअरच्या दारामागे, ड्रिलिंग मशीनच्या बाजूला जे जे पडलंय त्याकडे बोट दाखवून विचारा, ‘हे कुणाचं?’ उत्तर देताना सुपरवायझर थबकला, की तिथे मेलमध्ये ओळ लागणार. कंप्युटरमध्ये कधीच न सापडणाऱ्या गोष्टी या फेरीत सापडतात.

उलट बाजूचे शब्दही लिहा, म्हणजे लोकांनी आपल्याला दिलेले. कुणी पेमेंटची तारीख दिलीय, कुणी नवं ड्रॉइंग पाठवतो म्हणालंय, कुणी गेज परत देणार आहे. हे मागितले नाहीत तर येत नाहीत, आणि मागायचे आहेत हेच नव्या माणसाला माहीत नसतं.

एवढं झालं की मेलचा जड भाग संपला. चालू कामं थोडक्यात उरकतील. ती कामाच्या नावानं लिहू नका, तारखेनं लिहा, कारण नवा मुलगा सकाळी कॅलेंडर बघून काम काढणार आहे. महिन्याच्या 5 तारखेला विक्रीचं रजिस्टर सीएंकडे जातं, कारण 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा असतो. 15 तारखेला पीएफ आणि ईएसआय, त्यासाठी हजेरी कधी द्यायची ते लिहा. 20 तारखेला जीएसटीआर-3बी. तुमचं शॉप तिमाहीच्या योजनेत असेल तर तारखा वेगळ्या, तेव्हा सीएंना विचारून घाला. रिटर्न भरणं त्याचं काम नाही, पण कागद वेळेत पोचवणं त्याचंच आहे, आणि त्याला लागते ती नेमकी हीच आधीची तारीख.

आपण सीमेवर धंदा करतो, त्यामुळे दोन-तीन ओळी अशा लागतील ज्या हुबळीच्या किंवा पुण्याच्या ऑफिसला कधी लिहाव्या लागत नाहीत. धारवाडच्या बिलाला सीजीएसटी आणि एसजीएसटी, कोल्हापूरच्या बिलाला आयजीएसटी, हे टॅली सांभाळतं. पण ई-वे बिलाचं तसं नाही. एरवी 50,000 रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं, म्हणून लहान खेपेला लोक निर्धास्त असतात. कोल्हापूरचा ग्राहक आपल्याकडे जॉबवर्कला माल पाठवतो तेव्हा मात्र राज्य बदलतं, आणि मग किंमत कितीही असो, ई-वे बिल काढायलाच लागतं. ते पाठवणाऱ्यानं काढायचं की जॉबवर्क करणाऱ्यानं, दोन्ही चालतं. तुमच्यात आणि त्या ग्राहकात काय ठरलंय ते लिहा. हे लिहिलं नाही तर दोघंही ‘ते काढतील’ म्हणून गप्प बसतात आणि दहा बॉडी घेऊन आलेला टेम्पो निपाणीच्या आसपास अडकतो.

सुट्ट्यांचंही तसंच. तुमच्या शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, 1 नोव्हेंबरला, राज्योत्सवाची सुट्टी. कोल्हापुरात तो कामाचा दिवस. तिथून सकाळी फोन येणार, गाडी पाठवू का म्हणून. 19 फेब्रुवारीला उलटं, शिवजयंतीची सुट्टी त्यांच्याकडे सरकारी, आपल्याकडे नाही. वर्षातल्या अशा तारखा एका ओळीत लिहून ठेवल्या तर डिस्पॅचचा शब्द देताना तो मुलगा फसणार नाही.

माणसांची यादी करताना फोन नंबरांचा ढीग नको, नंबर तर ऑफिसच्या मोबाइलमध्ये आहेतच. त्याला हवंय ते असं: कुठल्या प्रश्नाला कुणाकडे जायचं आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणाचा. कोल्हापुरात डिस्पॅचची चौकशी स्टोअरवाल्यांकडे, पण दराचा शब्द फक्त परचेस हेडचा, स्टोअरवाले ‘हो हो’ म्हणाले तरी तो धरू नये. ट्रान्सपोर्टवाल्याला दुपारी बाराच्या आत सांगितलं तरच संध्याकाळची गाडी. हेस्कॉमची लाइन गेली तर आधी कुणाला फोन, मग लेखी तक्रार कुणाकडे. प्रत्येक नावापुढे बोलायची भाषा लिहा. हेस्कॉम आणि सरकारी कचेऱ्यांत तो कन्नडमध्ये बोलेल, तिथे त्याला तुमच्यापेक्षा सोपं जाईल. कोल्हापूरच्या जुन्या मंडळींशी मात्र मराठीतच बोलावं, हे लिहून ठेवलं तर बरं. माणसाच्या स्वभावाबद्दल मात्र एक अक्षर घालू नका. ‘हे पैशाला चिवट आहेत’ हे चहा पिताना सांगण्यासारखं असेल, पण मेल फॉरवर्ड होते आणि एक दिवस त्याच माणसाच्या हाती पोचते. तेच उपयोगाचं करून लिहा: ‘पेमेंटसाठी 25 तारखेला आठवण करावी लागते.’

फाइलींच्या बाबतीत पहिला प्रश्न कुठे आहेत हा नाही. कुणाच्या खात्यात आहेत हा आहे. लहान शॉपमध्ये ड्रॉइंग, दरपत्रकं, रिजेक्शन रिपोर्ट हे सगळं ऑफिसात बसणाऱ्याच्या स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हवर असतं. तुमचंही असेल, तर लिंक देऊन भागणार नाही. लिंक दिली तरी मालक तुम्हीच राहता, आणि उद्या तुम्ही जागा मोकळी करायला फोल्डर उडवलात तर त्यांचंही गेलं. साध्या जीमेलवरून साध्या जीमेलकडे फाइलीची मालकी देता येते, समोरच्यानं ती स्वीकारावी लागते. कंपनीचं खातं गूगल वर्कस्पेसचं असेल, तर स्वतःच्या जीमेलमधून त्याकडे मालकी देता येत नाही. तिथे फाइली उतरवून कंपनीच्या ड्राइव्हवर नव्यानं चढवाव्या लागतात. हे काम दोन दिवस खातं, शेवटच्या संध्याकाळी होत नाही. मेलला जोडून फाइली पाठवू नका. जोडलेली फाइल त्या दिवशी गोठते, आणि महिन्याभरात ऑफिसात एकाच दरपत्रकाच्या तीन प्रती फिरायला लागतात. मेलमध्ये कंपनीच्या फोल्डरची लिंक आणि आत काय आहे त्याची ओळ, बस.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. सरकारी कचेरीला पाठवलेली कन्नड पत्रं जुन्या मशीनवर नुडीत टाइप केलेली असतात, आणि मराठी पत्रं श्रीलिपीत. नव्या लॅपटॉपवर तो फाँट नसला की उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. नवा मुलगा समजतो, फाइल बिघडली. हेस्कॉम आणि बाकीच्या कचेऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार जुन्या मशीनवरच उघडून एकेक पीडीएफ करून ठेवा, आणि पीडीएफच्या नावात तारीख आणि विषय इंग्रजी अक्षरांत घाला, म्हणजे कुणालाही शोधता येईल. मूळ फाइल कुठल्या फाँटमधली आहे तेही लिहा, पुढच्या पत्रासाठी तोच मजकूर लागतो.

कागदाच्या फाइली विसरू नका. चालू चलन बुक कुठल्या ड्रॉवरमध्ये, भरलेली बुकं कुठे, ग्राहकांनी सही करून परत दिलेली चलनं कुठल्या फाइलला. सही झालेलं चलन हे माल पोचल्याचा पुरावा आहे. पेमेंटचा वाद झाला की सगळ्यात आधी तेच मागतात.

पासवर्ड मेलमध्ये अजिबात घालू नका. मेल वर्षानुवर्षं राहते, मालकांना जाते, सीएंना जाते, कुणाच्या तरी मोबाइलवर उघडी पडते. पासवर्ड मालकांच्या समोर बसून द्यायचे, आणि तुम्ही गेल्यावर त्यांनी ते बदलायचे. मेलमध्ये एवढंच: कुठली खाती आहेत, त्यांची चावी कुणाकडे आहे, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो. ही ओटीपीची ओळ बहुतेक जण विसरतात आणि पहिला दणका तिथेच बसतो. ई-वे बिलाच्या पोर्टलला आता लॉगिन करताना ओटीपी लागतो. तो तुमच्या नंबरवर येत असेल, तर 2 तारखेला गाडी भरून उभी असेल, आणि तुम्ही कोल्हापुरात नव्या ऑफिसात मीटिंगमध्ये असाल. उपाय सोपा आहे: मुख्य युजरखाली त्या मुलाचा सब-युजर त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा आणि तुमचा बंद करा. मुख्य खात्याला मालकांचाच नंबर ठेवा. मग बँकेचं पोर्टल, ग्राहकांची व्हेंडर पोर्टलं, कंपनीच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर, एकेक तपासा. मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन कुणाच्या कपाटात आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हीसुद्धा एक ओळ. आणि ग्राहकांशी बोलणं तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर झालं असेल, तर कामाची संभाषणं एक्स्पोर्ट करून कंपनीच्या फोल्डरमध्ये ठेवा.

भाषेचं म्हणाल तर सोप्या इंग्रजीत लिहा. मी नोंदी वर मराठीत दिल्यात त्या इथल्या वाचकांसाठी. तुमची मेल तो मुलगा वाचणार, मालक वाचणार, सीए वाचणार, आणि उद्या त्याच्याही जागी कुणी येईल तो वाचणार. इंग्रजी चांगली नसली तरी चालेल, छोटी वाक्यं लिहा. ग्राहकांची आणि पार्टची नावं बिलावर जशी आहेत तशीच घाला, शॉपमधली टोपणनावं नकोत. तुमच्यात ‘छोटा कोल्हापूर’ आणि ‘मोठा कोल्हापूर’ म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल, त्याला नाही. एखादी गोष्ट इंग्रजीत नीट बसत नसेल तर ती मराठीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा.

लांबीचा हिशेब असा ठेवा: सगळ्यात वर तुम्ही दिलेल्या शब्दांचा भाग, तारखेप्रमाणे, आधी येणारी तारीख आधी. मग येणं, कॅलेंडर, माणसं, फाइली, खाती. तुमच्या शॉपसाठी हे अडीच-तीन पानांत बसायला हवं. नऊ पानांतलं ‘कसं करायचं’ फेकू नका. ते वेगळ्या फाइलीत ठेवा आणि मेलमध्ये तिची लिंक द्या. मेलच्या विषयात कंपनीचं नाव, हँडओव्हर हा शब्द आणि 31 ऑक्टोबर घाला, म्हणजे वर्षानं शोधली तरी सापडेल. मेल त्या मुलाला पाठवा, मालकांना प्रत. सीएंना पूर्ण मेल नको, त्यांच्या कामाच्या तारखांची वेगळी चार ओळींची मेल द्या. दरांच्या सवलती आणि फाउंड्रीचा वाद त्यांच्या इनबॉक्समध्ये पडायचं कारण नाही. आणि पाठवण्याआधी मालकांना पहिला भाग वाचायला द्या. फुकट ड्रिलिंगसारखा एखादा शब्द त्यांना आठवत नसेल, तर ते तुमच्यासमोर ठरू दे.

ती 31 तारखेला पाठवू नका, 24 तारखेच्या आसपास पाठवा. उरलेल्या आठवड्यात त्या मुलाला तुमच्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही समोर बसा. एक डिस्पॅच त्यानं मेल बघून पुरा करायचा: चलन, बिल, ई-वे बिल त्याच्याच लॉगिननं, ट्रान्सपोर्टला फोन, सही झालेल्या चलनाची फाइल. तो जिथे थांबेल, तुमच्याकडे बघेल, तिथे तोंडी उत्तर देऊन गप्प बसू नका, ती ओळ मेलमध्ये घाला. तसंच त्याला त्या 12 बॉडी शोधायला सांगा. तुमच्या मदतीशिवाय तो क्वालिटीच्या रॅकपर्यंत पोचला आणि मूळ चलन काढून दाखवलं, तर ती नोंद बरोबर लिहिलीय. शेवटच्या दिवशी दुरुस्त केलेली प्रत त्याच धाग्यावर पुन्हा पाठवा आणि वर लिहा की हीच धरावी.

मेलच्या शेवटी तुमचा नंबर आणि कुठपर्यंत फोन करायचा तेही स्पष्ट घाला, उदाहरणार्थ नोव्हेंबरअखेरपर्यंत संध्याकाळी सातनंतर. नव्या नोकरीत दुपारी उद्यमबागेचे फोन घेत बसणं तुम्हाला जमणार नाही, आणि त्या मुलालाही वेळ ठाऊक असली तर तो प्रश्न लिहून ठेवून एकदम विचारील. त्या फोनवर दराचा किंवा पेमेंटचा नवा शब्द मात्र देऊ नका. तसा प्रश्न आला की त्याला मालकांकडे पाठवा.